लॉन्ड्रीचं प्रपोजल लेटर: ४५ रुपये किलो, पण कोणता किलो?

माझा मावसभाऊ वरोऱ्याजवळ लॉन्ड्री चालवतो. घरोघरच्या कपड्यांची नाही, हॉटेलवाल्यांची. दोन मोठे वॉशर, कपडे पिळायचा एक हायड्रो, दोन ड्रायर अन् चादरी दाबायचा एक रोलर, एवढा पसारा. दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात एक हॉटेल ग्रुप बसला होता. फार मोठा नाही, तीन प्रॉपर्टी: ताडोबाच्या गेटजवळ २८ खोल्यांचं रिसॉर्ट, नागपूर-चंद्रपूर रोडवर ३६ खोल्यांचं हॉटेल, अन् चंद्रपुरात ४४ खोल्यांचं. सगळ्या मिळून १०८ खोल्या. त्यानं पत्र लिहिलं अन् मला वाचायला पाठवलं, कारण मी आधी नऊ वर्षं नागपुरात एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होतो, म्हणजे असली पत्रं ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस.

पत्र तीन पानांचं होतं. त्यात अत्याधुनिक मशिनरी, तत्पर सेवा, अनुभवी कर्मचारी सगळं होतं, अन् शेवटच्या पानावर खाली एक ओळ: दर ४५ रुपये प्रति किलो.

मी फोन केला, म्हटलं बाळू, कोणता किलो?

"कोणता म्हणजे? किलो म्हणजे किलो, दादा. हजार ग्राम."

इथूनच सुरू करतो, कारण सगळा घोळ इथेच असतो अन् नव्वद टक्के प्रपोजलमध्ये याच्यावर एक शब्द नसतो.

हॉटेलातून जो माल निघतो तो मळलेला तर असतोच, पण ओलाही असतो. अंघोळ करून पाहुणा टॉवेल बाथरूमच्या फरशीवर टाकतो, बाथमॅट तर भिजलेलीच असते, अन् हे सगळं एका पोत्यात चादरींसोबत कोंबलं की चादरीही दमट होतात. आता हे पोतं काट्यावर ठेवलं तर तुम्ही कापडासोबत पाणीपण मोजता. आम्ही हायवेच्या हॉटेलची एक दिवसाची गाडी सॅम्पल म्हणून मागवली अन् दोनदा मोजली. आली तेव्हा ११८ किलो. धुऊन, वाळवून, घडी घालून मोजली तर १०२ किलो. म्हणजे १६ किलो निव्वळ पाणी अन् मळ.

मळलेल्या वजनावर ४५ नं बिल केलं तर ५३१० रुपये होतात, अन् धुतलेल्या कोरड्या वजनावर केलं तर ४५९०. एका गाडीत ७२० रुपयांचा फरक. उलटं करून पाहा, ५३१० ला १०२ नं भागलं तर हॉटेलला खरा रेट ५२ रुपये किलो पडला. कागदावर ४५, खिशातून ५२. परचेस मॅनेजर पहिल्या महिन्यात हे पकडत नाही, तिसऱ्या महिन्यात पकडतो, अन् मग त्याला वाटते की हा लॉन्ड्रीवाला चोर आहे, बिचाऱ्यानं कोणाचं काही चोरलेलं नसताना.

बाळू म्हणाला मग धुतलेल्या वजनावर लिहितो ना, विषय संपला. तेही पूर्ण बरोबर नाही राजेहो. धुतलेलं वजन लॉन्ड्रीत मोजलं जाते, हॉटेलवाला तिथे उभा नसतो, अन् ड्रायर दहा मिनिटं लवकर बंद केला तर गॅस वाचतो अन् वजन वाढते, म्हणजे काम अर्धवट करणाऱ्याला जास्त पैसे. शिवाय सुती कापड हवेतलं पाणी ओढते. आपल्या इकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत वाळलेली चादर अन् ऑगस्टच्या झडीत वाळलेली तीच चादर, दोघींचं वजन सारखं येत नाही. साध्या हवेत सुती कापडात सात-आठ टक्के ओल असतेच, दमट हवेत आणखी वाढते. कोणी लबाडी नाही केली तरी बिल हलते.

मग यातून रस्ता काय, तर काटाच बाजूला ठेवायचा. नग मोजायचे, अन् एका नगाचं वजन दोघांनी मिळून एकदाच ठरवून टाकायचं. प्रत्येक जातीचे वीस नग घ्यायचे, धुतलेले अन् पूर्ण वाळलेले, हॉटेलच्या माणसासमोर एकत्र मोजायचे, वीसनं भागायचं, तो आकडा पत्राला जोडायचा अन् दोघांनी सही करायची. त्यानंतर रोजचं बिल म्हणजे नग गुणिले ठरलेलं वजन गुणिले दर. पाऊस असो की ऊन, टॉवेल चिंब येवो की कोरडा, बिल तेच. दर सहा महिन्यांनी परत वीस नग मोजायचे, कारण टॉवेल जुना होता होता रुई सोडतो अन् हलका होतो, ड्रायरच्या जाळीत जो कापूस अडकते ना, तो हॉटेलच्या टॉवेलचाच असते.

तुम्ही म्हणाल मग सरळ नगावरच रेट का नाही देत, चादरीला इतके, टॉवेलला इतके. देता येते, गावातले परीट तसंच घेतात. पण ग्रुपमध्ये प्रत्येक प्रॉपर्टीच्या चादरीची साइझ वेगळी, टॉवेलची जाडी वेगळी, मग तीन रेटकार्ड लागतात अन् एखाद्यानं जाड टॉवेल घेतला की चौथं. किलोचा रेट एकच राहतो, फक्त वजनाचा तक्ता बदलतो. भांडण कमी.

आता हे वजन हातात आलं की पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट करता येते. हॉटेलचा जीएम किलोत विचार करत नाही, तो खोलीत विचार करतो, एक खोली एक रात्र विकली तर धुलाई किती पडली. त्याला ४५ रुपये किलो म्हटलं तर तो शेजारच्याचे ४२ रुपये घेऊन बसतो. म्हणून आपणच हिशोब करून द्यायचा.

आम्ही असा केला. एका डबल खोलीचा पूर्ण सेट: चादर एक ९०० ग्राम, डुवे कव्हर म्हणजे रजईची खोळ १२०० ग्राम, उशीचे अभ्रे चार मिळून ६०० ग्राम, मोठे टॉवेल दोन मिळून ११०० ग्राम, हात पुसायचे दोन ३०० ग्राम, बाथमॅट ३०० ग्राम. बेरीज ४ किलो ४०० ग्राम. हायवेच्या हॉटेलात माणूस रात्री येते अन् सकाळी निघून जाते, म्हणजे रोज पूर्ण सेट बदलतो, ४.४ किलो गुणिले ४५ म्हणजे १९८ रुपये खोलीमागे. ताडोबाच्या रिसॉर्टला पाहुणे बहुतेक दोन रात्री राहतात, पहिल्या दिवशी फक्त टॉवेल अन् मॅट बदलतात ते १.७ किलो, दुसऱ्या दिवशी चेक-आउट झालं की पूर्ण ४.४. दोन दिवसांचे ६.१ किलो, रात्रीमागे साधारण ३.०५, म्हणजे १३७ रुपये. रेट एकच, ग्रुप एकच, पण महागड्या रिसॉर्टची धुलाई स्वस्त अन् साध्या हॉटेलची महाग. हे जीएमला कोणी सांगितलेलं नसते, अन् तुम्ही सांगितलं की त्याला कळते की या माणसानं आपलं हॉटेल समजून घेतलं आहे.

यात अजून एक पेच आहे, जीएसटीचा. लॉन्ड्रीच्या बिलावर १८ टक्के लागते. आधी हॉटेलवाले म्हणायचे लावा तुम्ही, आम्ही क्रेडिट घेतो, म्हणजे तुम्हाला दिलेला टॅक्स आम्ही सरकारला भरायच्या टॅक्समधून वजा करतो. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या खोलीचं भाडं दिवसाला ७५०० किंवा त्याच्या आत आहे, तिच्यावर ५ टक्के जीएसटी झाला अन् त्यासोबत इनपुट क्रेडिट बंद झालं. म्हणजे हायवेच्या हॉटेलला तुमचे १८ टक्के परत मिळत नाहीत, ते त्याच्या खिशातून गेले. १९८ चे २३४ झाले. रिसॉर्टच्या खोल्या ७५०० च्या वरच्या आहेत, तिथे पाहुण्याकडून १८ टक्के घेतात अन् क्रेडिट मिळते, म्हणून त्याला १३७ चे १३७ च. ‘दर अधिक जीएसटी’ असं तीन शब्दांत उरकलं की या दोन हॉटेलांमधला फरक झाकला जातो, अन् हायवेचा मॅनेजर बिल पाहून दचकते. आम्ही पत्रात दोन्ही आकडे लिहिले. बाळूचं म्हणणं होतं की काहून आपणच महाग आकडा दाखवायचा, पण तो आकडा त्यांचा अकाउंटंट काढणारच आहे, मग आपल्याच पत्रात दिसलेला बरा.

आता गाड्या अन् कपड्यांची संख्या. हॉटेलच्या भाषेत याला पार म्हणतात: सगळे पलंग एकदा घालायला जितकं लिनन लागते तो एक पार. एक पार पलंगावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात, असे तीन तर लागतातच, अन् लॉन्ड्री बाहेरगावी असेल तर चौथा पाहिजे, कारण रस्त्यावरही माल अडकतो. हे पत्रात लिहायचं कारण असं की हॉटेलकडे लिनन कमी असलं तरी शिवी लॉन्ड्रीलाच पडते.

रिसॉर्टवर आम्ही जाऊन मोजलं तर २८ खोल्यांना ७० चादरी होत्या, म्हणजे अडीच पार. ताडोबाची सफारी मंगळवारी बंद असते, म्हणून सोमवारी दुपारी सगळ्यांचा एकदमच चेक-आउट. सोमवारचा हिशोब पाहा: २८ चादरी पलंगावर, रविवारच्या १२ लॉन्ड्रीत, कपाटात राहिल्या ३०. दुपारी २८ खोल्या तयार केल्या की कपाटात उरल्या फक्त दोन. संध्याकाळी तीन खोल्यांत कोणी चहा सांडला की खेळ खलास, अन् मग फोन येतो, "तुमची गाडी कुठे आहे?" गाडी वेळेवरच आहे, चादरीच नाहीत. आम्ही पत्रात साफ लिहिलं की रिसॉर्टला ११२ चादरी, म्हणजे चार पार, होईपर्यंत सोमवारी दोन गाड्या येतील, दुसऱ्या फेरीचे पैसे नाही घेणार, पण ही सोय तीन महिन्यांपुरतीच. विकायला गेलेला माणूस सहसा गिऱ्हाइकाची कमी दाखवत नाही, पण इथे दाखवावी लागते.

सीझनचंही तसंच. ताडोबाच्या कोअरमधली, म्हणजे आतल्या जंगलातली, सफारी जुलै ते सप्टेंबर बंद. भोवतालचं बफर सुरू असते पण गर्दी ती नाही. बाळूच्या पहिल्या पत्रात बारा महिने एकच मिनिमम बिल होतं. कोणता रिसॉर्टवाला सही करणार बाप्पा? आम्ही मिनिमम ऑक्टोबर ते जून ठेवलं अन् पावसाचे तीन महिने फक्त जितके नग तितके पैसे. त्यात बाळूचा ड्रायर अर्धा रिकामा राहते, पण चंद्रपूरचं हॉटेल खाणी अन् कारखान्यांच्या माणसांवर चालते, तिथला माल पावसातही तितकाच येतो, म्हणून झेपलं. फक्त रिसॉर्टचंच काम घेतलं असतं तर नसतं झेपलं.

डागांवर थोडं सांगतो कारण खरी कटकट तिथे आहे. हळदीचा डाग साबणाच्या पाण्यात गेला की लालबुंद होतो, हॉटेलची बाई पाहते अन् म्हणते तुम्ही डाग वाढवून आणला. हळद क्षाराला लाल होते, पुढे ब्लीचनं अन् उन्हानं उडते, पण ते एका फेरीत होईलच असं नाही. दुसरा डाग पिवळा-तांबूस, तो बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा. पाण्यात लोह असलं अन् क्लोरीनचं ब्लीच टाकलं की लोहाचा गंज होऊन कापडावर बसतो, अन् आपण अजून ब्लीच टाकतो तसा तो अजून पिवळा होतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागते, ब्लीच नाही. हा डाग मात्र लॉन्ड्रीचा, हॉटेलच्या पाहुण्याचा नाही, अन् पत्रात तसं कबूल केलेलं बरं.

बाळूनं पत्रात ‘टीडीएस कंट्रोल्ड वॉटर’ लिहिलं होतं. ते मी खोडलं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्याच्या पेनानं पाण्याचा जडपणा कळत नाही, सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहते. जडपणाची वेगळी किट मिळते, थेंब टाकून रंग पाहायचा. सॉफ्टनरला मिठाचं पाणी वेळेवर दिलं नाही तर टॉवेल आठ-दहा धुलाईत पापडासारखा होतो अन् पांढरा रंग राखाडी पडतो. पण रोज रोज पाहणाऱ्याला तो फरक दिसत नाही. म्हणून आम्ही एक युक्ती टाकली: करारात नवीन टॉवेलच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल न वापरता पिशवीत बंद करून हॉटेलच्या कपाटात ठेवायचा. वाद झाला की तो काढायचा अन् शेजारी ठेवून पाहायचं. याला आम्ही साक्षीचा टॉवेल म्हणतो.

मग पत्र शेवटी असं झालं. गेलं इंग्रजीतच, त्यांच्या ऑफिसला तेच चालते, पण मजकूर हा होता:

"महोदय, आपल्या तीनही प्रॉपर्टी आम्ही पाहिल्या व हायवे हॉटेलचा एका दिवसाचा माल धुऊन दिला. आमचा दर ४५ रुपये किलो आहे. हे वजन मळलेल्या मालाचे नाही. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक नगाचे वजन दिले आहे, ते आपल्या माणसासमोर वीस नग मोजून ठरवू. खोलीमागे रात्रीचा खर्च हायवेला १९८ रुपये, जीएसटी धरून २३४, व रिसॉर्टला सुमारे १३७ रुपये, जिथे जीएसटीचे क्रेडिट आपल्याला मिळते. नगांची मोजणी आपल्या दारात, आपल्या माणसासोबत, दोन प्रतींच्या चलनावर होईल. लॉन्ड्रीत पोचल्यावर ‘कमी निघाले’ असे आम्ही सांगणार नाही. डाग राहिलेला नग पहिल्यांदा परत आला तर फुकट धुऊ. आमच्याकडून फाटला, हरवला किंवा लोहाचा डाग पडला तर त्याच्या वयाप्रमाणे घटलेली किंमत देऊ. बूट किंवा जिप्सी पुसलेले टॉवेल वेगळ्या पिशवीत द्यावेत. बिल महिन्याला, पैसे ३० दिवसांत. सुरुवातीला १५ दिवस फक्त हायवे हॉटेलचे काम करू, त्यानंतर आपण ठरवावे."

दीड पान. मशिनरीची फक्त एक ओळ राहिली, तीही दिवसाला किती किलो निघते एवढीच.

दोन गोष्टी यात मुद्दाम अशा लिहिल्या आहेत. एक, मोजणी हॉटेलच्या दारात. बरेच लॉन्ड्रीवाले मोजणी आपल्याकडे नेऊन करतात कारण दारात उभं राहून मळके कपडे मोजायला अर्धा तास जातो, पोऱ्या कंटाळतो. पण तो अर्धा तास वाचवला की महिन्याच्या शेवटी बावीस टॉवेल गायब निघतात अन् कोणाकडून गेले हे देवालाच माहीत. दुसरी, घटलेली किंमत. हॉटेलला हरवलेल्या जुन्या टॉवेलचे नव्याचे पैसे पाहिजे असतात. आम्ही साधा हिशोब ठेवला: टॉवेलचं आयुष्य १०० धुलाया धरायचं, साठाव्या धुलाईनंतर हरवला तर नव्याच्या किमतीचे ४० टक्के. धुलाया कशा मोजायच्या, तर लिनन कधी आणलं त्या महिन्याची खूण कोपऱ्यात शिवून घ्यायची, अंदाज तेवढ्यानं लागतो.

पैशांबद्दल बाळू घाबरत होता की ३० दिवस लिहिले तर ते नाही म्हणतील, मोठे लोक ९० दिवस लावतात. पण त्याचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे, अन् २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसला तर १५. पत्रात कायद्याची धमकी नाही दिली, फक्त लेटरहेडवर उद्यम नंबर टाकला. त्यांच्या अकाउंटंटला तेवढं पुरते.

पत्र गेल्यावर अकराव्या दिवशी परचेस मॅनेजरचा फोन आला. मशीन कोणत्या कंपनीचं, आधी कोणाचं काम केलं, यातलं काही विचारलं नाही. म्हणाला, "तक्त्यात मोठा टॉवेल ५५० ग्राम लिहिला आहे, आमचा जरा हलका वाटते." बाळू काटा गाडीत टाकून हायवेच्या हॉटेलवर गेला, वीस टॉवेल मोजले, भरले १० किलो ६०० ग्राम. म्हणजे ५३० चा एक. त्यानं तिथेच तक्त्यात ५५० खोडून ५३० लिहिलं, दोघांनी बाजूला सही केली, अन् सोमवारपासून गाडी सुरू झाली.